घनवाद काढताना या चुका टाळा: एक तांब्या, तीन नजरा

परभणीत शनिवार-रविवारी मी चित्रकलेचे वर्ग घेतो. घनवाद, म्हणजे क्युबिझम, शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी हमखास एक चित्र समोर येतं. आधी तांब्या नीट काढलेला, मग पट्टी घेऊन त्याच्यावर आडव्यातिडव्या रेषा मारलेल्या आणि प्रत्येक तुकड्यात वेगळा रंग भरलेला. गेल्या वर्षी एका मुलीनं स्वतःचंच चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "सर, हे तर फुटक्या आरशावानी दिसायलंय." तिचं निदान अगदी बरोबर होतं.

आरसा फुटला तरी त्यातला चेहरा एकाच जागेवरून बघितलेला असतो. तुकडे हलतात, बघणारा हलत नाही. घनवादात बघणारा हलतो. तुमच्या चित्रात कोणती गोष्ट झाली आहे ते ओळखायची सोपी खूण अशी: सगळे तुकडे मनातल्या मनात परत जुळवा. पूर्वीचा सरळ तांब्या जसाच्या तसा मिळाला, तर घनवाद झालेला नाही, नक्षी झाली आहे.

हा घोटाळा मुलांच्या हुशारीचा नाही, सवयीचा आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राला आपण मुलांना एका जागी बसवतो आणि दिसेल तेच काढायला लावतो. पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्की आणि अल्बर्टी यांनी इटलीत जी यथार्थदर्शनाची पद्धत बसवली, तिची अटच अशी की डोळा एक आणि तोही स्थिर. 1907 ते 1914 या काळात पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी नेमकी हीच अट मोडली. त्यांच्या आधी सेझाननं तिला तडे दिलेच होते. त्याच्या स्थिरचित्रात टेबलाची कड कापडाच्या डाव्या बाजूला एका उंचीवर असते आणि उजवीकडे भलत्याच.

नावामुळेही गोंधळ होतो. 1908 मध्ये ब्राकची निसर्गचित्रं बघून व्होसेल या समीक्षकानं 'घन' हा शब्द जरा टिंगलीनंच वापरला आणि तो चिकटला. म्हणून चौकोनी डबे काढत बसायची गरज नाही.

तांब्या जागेवर ठेवा, स्वतः उठा

माझ्याकडचा पितळी तांब्या 14 सेंटीमीटर उंच आहे. पोट 12 रुंद, काठ 9, गळा 7. पोटाचा सगळ्यात फुगीर भाग तळापासून 6 सेंटीमीटरवर येतो. तांब्या स्टुलावर ठेवायचा आणि वेगवेगळ्या कागदांवर तीन कच्ची चित्रं काढायची.

पहिलं चित्र खाली बसून, डोळा काठाच्या उंचीला आणून. काठ सरळ आडवी रेषा दिसतो आणि गळा-पोटाचं वळण स्पष्ट कळतं. दुसरं खुर्चीवरून, नजर साधारण 30 अंश खाली. आता काठ लंबगोल होतो, 9 रुंद आणि निम्मा म्हणजे साडेचार उंच. तिसरं उभं राहून, अगदी डोक्यावरून. बाहेर पोटाचं मोठं वर्तुळ, आत काठाचं लहान. इथं एक पोरगं दरवर्षी विचारतं, "गळा कुठं गेला सर?" काठ गळ्यापेक्षा रुंद आहे, त्यामुळं वरून गळा झाकला जातो. हा प्रश्न पडला की मी खूश होतो, कारण कोणत्याही एका जागेवरून अख्खा तांब्या दिसत नाही हे त्याला न सांगता कळलेलं असतं.

आता ए-थ्री कागदावर एक उभा मध्य काढा. त्याच्या डावीकडे बाजूनं दिसणारा अर्धा तांब्या घ्या. उजवीकडे वरून दिसणारं अर्धं चित्र घ्या, पण वर्तुळाचा मध्य पोटाच्या उंचीला, म्हणजे तळापासून 6 सेंटीमीटरवर ठेवा. पोटाची त्रिज्याही 6 आहे. त्यामुळं मोठं अर्धवर्तुळ खाली बरोबर तळाच्या रेषेला टेकतं, दोन्हीकडचं पोट सारखंच बाहेर येतं आणि भांडं कलंडत नाही. शेवटी उजवीकडे वर, काठाच्या उंचीवर, खुर्चीवरून दिसलेला अर्धा लंबगोल बसवा. त्याची खालची बाजू मोठ्या वर्तुळाच्या माथ्याला मध्यावर जवळजवळ भिडते. बघा, एकाच तांब्याचा काठ चित्रात तीनदा आला: रेषा, लंबगोल आणि वर्तुळ.

मेत्सांजेच्या 1911 सालच्या 'चहाची वेळ' या चित्रातला कप असाच दोन नजरांत विभागलेला आहे. नवशिक्यानं पिकासोच्या आधी तो कप बघावा. मात्र पिकासो-ब्राक असं मोजूनमापून जोडकाम करत नव्हते, हेही लक्षात असू द्या. ही रीत दारातून आत येण्यापुरती आहे.

बंद बाह्यरेषा

जोडणी बरोबर झाली तरी चित्र कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं, अशी तक्रार नंतर येते. कारण बहुतेक एकच असतं: प्रत्येक तुकड्याभोवती पेन्सिल फिरवून तो कुंपणात टाकलेला असतो. घनवादी चित्रकार आकाराची एक कड उघडी सोडत, तिथून वस्तूची छटा शेजारच्या जागेत मिसळे. आपल्या तांब्यात डावीकडची काठाची रेषा मध्यावर येते आणि लंबगोलाच्या पोटात शिरते. तिथं ती रेषा फिकी करत संपवा. पोटाची उजवी कडही बोटभर पुसून स्टुलाच्या करड्या छटेत सोडा.

छायाप्रकाशाचंही तसंच. खिडकी डावीकडे आहे म्हणून सगळ्या तुकड्यांची सावली उजवीकडे टाकली, की मोडलेली एक नजर मागच्या दारानं परत येते. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा गडद आणि स्वतःचा उजळ भाग द्या. एकाची गडद कड दुसऱ्याच्या उजळ कडेला लावा.

रंग सुरुवातीला दोनच: पिवळी माती आणि करडा. पिकासो-ब्राक यांच्या 1910-11 च्या चित्रांत तपकिरी-करडाच जास्त दिसतो. भडक रंग भरले की नजर रंगावर अडकते, रचनेपर्यंत जातच नाही. शंका असेल तर चित्राचा मोबाईलवर फोटो काढून कृष्णधवल करा. तुकडे एकमेकांत हरवले, तर छटांचं काम व्हायचं आहे.

अजिंठ्याची सहल करून आलेली मुलं विचारतात, मग अजिंठा घनवादी का? तिथंही सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावत नाहीत आणि एकाच भिंतीवर मंडप वेगवेगळ्या बाजूंनी दिसतात. पण तिथं नजर प्रसंगातून प्रसंगात चालते. माणसाचा देह मात्र अखंड राहतो. घनवादात खुद्द वस्तूच उघडली जाते.

तांब्याच सापडत नाही

ही चूक हात बसल्यावर होते. तीनाच्या सात नजरा होतात आणि घरचे विचारतात हे काय आहे. पिकासोनं 1910 मध्ये कानवायलर या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र जवळजवळ विरघळवून टाकलं, तरी एकमेकांत गुंतवलेले हात आणि घड्याळाची साखळी शिल्लक ठेवली. तेवढ्यावर माणूस सापडतो. तांब्यासाठी अशा दोन खुणा पुरतात: डावीकडचं गळ्याचं वळण आणि पोटावरची पितळेची एक चकाकी. बाकी सगळं मिसळून गेलं तरी चालेल, या दोन जागांवर खोडरबर नेऊ नका.