पाय मुरगळला तर फ्रॅक्चर आहे का हे कसं बघायचं: सूज बघू नका, हाडाची मागची कड दाबा

पाय मुरगळला की घरात सगळे आधी काय बघतात, तर सूज किती आली. घोट्यावर अंड्याएवढा फुगा आला की "हाड मोडलंय बहुतेक" आणि सूज कमी असली की "काही नाही, लचकलाय". मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रोज सांगते की सुजेवरून हे ठरत नाही. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, नुसता ताणला किंवा थोडा फाटला तरी आतल्या आत रक्त साकळतं आणि घोटा टम्म फुगतो, आणि उलट छोटं फ्रॅक्चर असलं तर सूज अगदी बेताची असू शकते. काळंनिळं पडण्याचंही तेच, रक्त खाली उतरत बोटांपर्यंत जातं आणि बघणारा घाबरतो, पण त्यावरून हाडाचं काहीच कळत नाही.

मग कशावरून कळतं? बोट नक्की कुठे दाबल्यावर दुखतं आणि चार पावलं टाकता येतात का, या दोन गोष्टींवरून. हा नियम कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील नावाच्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली मांडला, म्हणून त्याला ओटावा अँकल रूल्स म्हणतात. तेव्हा मुरगळलेला पाय दिसला की सरसकट एक्स-रे काढला जायचा आणि शंभरात पंधराही फ्रॅक्चर निघत नसत, म्हणून कोणाला एक्स-रे लागतच नाही हे ओळखायची पद्धत त्यांनी शोधली. नंतर बऱ्याच ठिकाणी तपासून बघितलं तर नीट वापरल्यावर शंभर फ्रॅक्चरमधली एखाद-दोनच सुटतात.

पण दाबायच्या आधी पाय नुसता डोळ्यांनी बघा. पाऊल वाकडं वळलेलं दिसतंय, जखमेतून हाड दिसतंय, बोटं पांढरी किंवा थंडगार पडलीत, पाऊल बधिर झालंय, यातलं काहीही असलं तर पुढचं वाचत बसू नका, पाय आहे तसा आधार देऊन स्थिर ठेवा, सरळ करायला जाऊ नका आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

असं काही नसेल तर आता दाबायचं. माझ्या दादाचीच केस सांगते म्हणजे जागा नीट लक्षात येतील. वय 34, जिना उतरताना शेवटची पायरी चुकली आणि पाऊल आतल्या बाजूला दुमडलं, सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर आलं. तासाभराने व्हिडिओ कॉल आला, बाहेरच्या घोट्याच्या पुढे चांगला मोठा फुगा आणि दादा म्हणतोय "अगं चालता येतंय मला, लंगडतोय थोडा, पेनकिलर घेतो आणि झोपतो". मी म्हटलं "दादा, थांब, गोळी आत्ता घेऊ नकोस, आधी वहिनीला दाबून बघू दे", कारण गोळीने दुखणं दबलं की तपासणीचा अर्थच राहत नाही.

वहिनीला म्हटलं, "वहिनी, तुम्ही फुग्याला हातच लावू नका." हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. पाऊल आत दुमडतं तेव्हा बहुतेक वेळा जो लिगामेंट दुखावतो तो बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या पुढच्या कडेला चिकटलेला असतो, त्यामुळे पुढून दाबलं तर साध्या मुरगळीतही माणूस ओरडणारच, आणि त्या ओरडण्यातून हाडाबद्दल काही कळत नाही. हाडाच्या मागच्या कडेला हा लिगामेंट नसतो, म्हणून तिथे थेट हाडावर दाबल्यावर दुखलं तर शंका हाडावर जाते.

कसं दाबायचं ते बघा. बाहेरच्या घोट्याचं जे उंचवट्यासारखं हाड असतं त्याच्या खालच्या टोकापासून वर साधारण 6 सेंटीमीटर, म्हणजे तीन-चार बोटांच्या रुंदीएवढं वर जायचं, तिथे हाडाच्या मागच्या कडेवर एका बोटाचं टोक ठेवायचं आणि थोडं थोडं खाली सरकत प्रत्येक ठिकाणी दाबायचं, अगदी खालच्या टोकापर्यंत. दाब एवढा की नखाचा रंग फिका पडेल. बोट हाडावरच पाहिजे, मागच्या मऊ खड्ड्यात घसरलं तर उपयोग नाही. वरून सुरू करायचं कारण दुखऱ्या जागेत पहिल्यांदाच बोट घातलं की माणूस पाय आखडून घेतो आणि मग पुढे कुठेही हात लावला तरी दुखतंयच म्हणतो. मग हेच सगळं आतल्या बाजूच्या घोट्याला करायचं, तिथेही मागची कड आणि खालचं टोक. शंका आली तर चांगल्या पायावर तेवढाच दाब देऊन बघा, काही लोकांना तिथे एरवीही थोडं दुखतं.

वहिनीने दोन्ही घोटे दाबले, दादा शांत. म्हणजे घोट्याचं हाड ठीक वाटत होतं, आणि बरेच लोक इथेच थांबतात. पण अजून दोन जागा राहिल्यात आणि त्या घोट्यावर नसून पावलावर आहेत. पहिली, पायाच्या करंगळीपासून पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट टाचेकडे सरकवत न्या, साधारण निम्म्यात एक टणक उंचवटा लागतो, ते करंगळीमागच्या लांब हाडाचं मुळाकडचं टोक. पाऊल दुमडताना तिथे चिकटलेले स्नायूबंध जोरात ओढले जातात आणि हाडाचा तुकडाच उपटून निघू शकतो, आणि दुखणं मात्र माणसाला "घोट्यात" वाटतं. दुसरी जागा आतल्या बाजूला, आतल्या घोट्याच्या थोडं खाली आणि पुढे, पावलाच्या कमानीच्या वर जो हाडाचा उंचवटा लागतो तो.

वहिनीने बाहेरच्या कडेचा उंचवटा दाबला आणि दादाने पाय झटकन ओढून घेतला. परत दाबायला सांगितलं, तीच जागा तेच दुखणं, दुसऱ्या पायाला तिथे काहीच नाही. म्हटलं, उठा, एक्स-रे काढायचा.

तो म्हणाला, "पण मला चालता येतंय ना!" आता ही चार पावलांची गोष्ट. दाबून कुठेच दुखलं नाही तरच चालून बघायचं, हाडावर दुखत असेल तर उगाच वजन टाकायचं नाही, एक्स-रेचं ठरलंच आहे. चार पावलं म्हणजे दोन्ही पायांवर दोनदा वजन घ्यायचं, कोणाचा हात किंवा भिंत न धरता, लंगडलं तरी चालेल, लंगडत टाकलेलं पाऊल पण पाऊलच. मार लागला तेव्हा लगेच पण आणि आत्ता तपासताना पण, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढायचा, हाडावर कुठे दुखत नसलं तरी. पण चालता येतंय म्हणजे फ्रॅक्चर नाही असा उलटा अर्थ मात्र काढू नका, फ्रॅक्चर असूनही लोक चालतात, दादा पण चालतच होता. चार जागा आणि चालणं, पाचही ठीक असलं तरच एक्स-रेची गरज नाही म्हणायचं, एक जरी खटकलं तरी काढायचा.

आणि एक्स-रे सांगितला म्हणजे मोडलंच असंही नाही, यात सापडलेल्या बहुतेकांचा एक्स-रे नॉर्मलच येतो. नियम मुद्दामच असा केलाय की उगाच काढलेला एक्स-रे परवडला, पण फ्रॅक्चर सुटायला नको. एक्स-रे घोट्याचा काढायचा की पावलाचा हेही दुखऱ्या जागेवरून ठरतं, म्हणून तिथे गेल्यावर नुसतं "घोटा दुखतोय" म्हणू नका, बोट ठेवून जागा दाखवा.

काही लोकांना हा नियम लावायचाच नाही. डायबेटीसमुळे किंवा दुसऱ्या कशामुळे पायाला नीट संवेदना नाही, दारू प्यायलेली आहे, डोक्याला मार लागलाय, किंवा दुसरीकडे इतकं जबरदस्त दुखतंय की पायाकडे लक्षच नाही, यांचं "दुखत नाही" धरून चालणार नाही. सूज इतकी आहे की हाड बोटाला लागतच नाही, मग तपासणार काय? मार लागून दहा दिवसांपेक्षा जास्त झाले असले तरी हा नियम लागू होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तर अजिबात नाही, आणि मोठ्या मुलांचंही घरी ठरवू नका कारण वाढत्या हाडाच्या टोकाशी जो मऊ थर असतो तिथली इजा एक्स-रेमध्येही कधी कधी दिसत नाही. या सगळ्यांना सरळ डॉक्टर.

अजून एक जागा मी स्वतः नेहमी दाबते, ती त्या नियमात नाही. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला जे छोटं गोल हाड लागतं ते. पाऊल पिळवटलं गेलं तर जोर नडगीशेजारच्या त्या बारीक हाडातून वर जातो आणि ते पार वर, गुडघ्याजवळ मोडू शकतं, मग घोट्याच्या एक्स-रेमध्ये ते येतच नाही. तिथे दुखलं तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. तसंच तळपायाला मधोमध काळंनिळं दिसलं तर तेही दाखवा, पावलाच्या मधल्या सांध्यांना मार लागला की असं होतं.

सगळं ठीक निघालं तर पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्या आणि बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. चोळणं, मालिश, गरम शेक या दिवसांत नको, सूज वाढते. पाच-सहा दिवसांनी सूज उतरली की त्याच जागा परत दाबून बघा. तेव्हा हाडावर दुखलं, किंवा आठवडा झाला तरी वजन टाकता येत नाही, तर आधी काहीही ठरलं असो, दाखवून घ्या, काही बारीक फ्रॅक्चर पहिल्या दिवशी कशातच पकडली जात नाहीत.

दादाच्या एक्स-रेमध्ये त्या उंचवट्याचा छोटा तुकडा निघालेला दिसला, फारसा सरकला नव्हता, त्यामुळे ऑपरेशन नाही, कडक तळव्याचा बूट घालून चालायला सांगितलं. सहा आठवड्यांत तिथलं दुखणं गेलं. ज्या फुग्याला सगळे घाबरले होते तो पंधरा दिवसांतच उतरला होता.