स्टिरॉईडवरच्या मुलाची उंची: या चुका टाळा

नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रोटीन गळण्याचा आजार, असलेल्या मुलाला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड द्यावंच लागतं, त्यावर वाद नाही. वाद आहे तो गरज संपल्यावरही पोटात जात राहणाऱ्या गोळ्यांचा. उंचीचं टाळता येण्यासारखं नुकसान बहुधा तिथेच होतं.

रोजचा डोस कधी थांबवायचा, हे न विचारणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आजार उलटला की रोज किलोमागे २ मिलिग्रॅम (जास्तीत जास्त ६०) द्यायचे, ते स्ट्रिपवर लघवीतलं प्रोटीन सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस, म्हणजे शून्य किंवा नाममात्र, येईपर्यंत. मग किलोमागे १.५ मिलिग्रॅम (जास्तीत जास्त ४०), एक दिवसाआड, चार आठवडे. पहिल्या झटक्याचं वेळापत्रक वेगळं आणि लांब असतं. ते इथे लावू नका.

नेहमी दिसतं ते असं. सहा वर्षांचं, २० किलोचं मूल. रोज ४० मिलिग्रॅम सुरू होतात आणि नवव्या दिवशी तिसरी निल लागते. पण चिठ्ठीवर ‘महिन्याने दाखवा’ एवढंच असतं, म्हणून आई २८ दिवस रोज ४० देत राहते. हिशोब करा. नऊ दिवसांचे ३६० आणि नंतर ३० मिलिग्रॅमचे १४ डोस म्हणजे ४२०, एकूण ७८० मिलिग्रॅममध्ये काम झालं असतं. प्रत्यक्षात गेले ११२० अधिक ४२०, म्हणजे १५४०. जवळजवळ दुप्पट! वर्षात आजार तीनदा उलटला तर २२८० मिलिग्रॅम फुकट गेले, आणि त्यातून आजार एका दिवसानेही लवकर आटोक्यात आला नाही.

यावर उपाय एक वही आणि स्ट्रिपची बाटली. रोज सकाळची पहिली लघवी तपासायची आणि तारखेपुढे निकाल लिहायचा. बाटलीचं झाकण घट्ट लावा, दमट हवेत स्ट्रिप खराब होतात. तिसरी निल लागली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अंगावर सूज असताना केलेलं वजनही डोससाठी धरू नये. तेच २० किलोचं मूल सुजून २४ किलो भरलं, तर रोजचे ४८ मिलिग्रॅम होतात.

‘दिवसाआड ३०, म्हणजे रोज १५, एकच की!’

एकच नाही. स्टिरॉईड हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेतल्या पेशींचं विभाजन थेट मंदावतं आणि ग्रोथ हार्मोनचं कामही दाबतं. मधल्या रिकाम्या दिवशी त्या कूर्चेला उसंत मिळते. लक्षात राहत नाही म्हणून तो दिवस भरून टाकणं ही घाई मुलाच्या उंचीतून वसूल होते. कॅलेंडरवर दिवसाआड लाल गोल करा आणि पूर्ण डोस सकाळी नाश्त्याबरोबर एकदाच द्या. डॉक्टर कधी मुद्दाम रोजचा अगदी लहान डोस ठेवतात. तो त्यांचा निर्णय असतो, तुमचा भागाकार नव्हे.

वजन पाहून खूश होणं

‘बाळसं धरलंय’ असं आजी म्हणते आणि सगळे निर्धास्त होतात. सहाव्या वाढदिवसाला ११२ सेंमी आणि २० किलो, सातव्याला ११४.५ सेंमी आणि २६ किलो, हे बाळसं नाही. या वयात वर्षाला पाच-सहा सेंमी वाढ व्हायला हवी. चारच्या खाली गेली की विचारायलाच हवं. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेल्या मुलाची उंची सहसा मागे पडत नाही. वजन चढतंय आणि उंची थांबलीय, ही जोडी स्टिरॉईडकडे बोट दाखवते.

मोजताना बूट आणि केसातल्या क्लिपा काढा. टाचा, पार्श्वभाग आणि डोकं भिंतीला, नजर समोर, डोक्यावर गुण्या. तीनदा मोजून सरासरी घ्या, शक्यतो सकाळीच, कारण संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. नोंद तीन महिन्यांनी करा, पण वेग काढायला निदान सहा महिने जाऊ द्या. तीन महिन्यांत अर्ध्या सेंमीची चूक झाली तर वर्षाच्या हिशोबात ती दोन सेंमी होते.

बाकीच्या, थोडक्यात

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांसाठी द्या, उंचीसाठी नव्हे. उंची वाढवणारी पावडर घेऊच नका. डिफ्लाझाकॉर्ट म्हणजे ‘निर्धोक स्टिरॉईड’ नव्हे. दुकानातून आणलेले बीटामेथासोनचे थेंब तर नकोच. त्यांचा असर इतका टिकतो की दिवसाआड देण्याला अर्थच उरत नाही. दम्याच्या स्टिरॉईड पंपाला घाबरून तो बंद करू नका: पंपाने पहिल्या वर्षी साधारण अर्धा ते एक सेंमी कमी वाढ होते, पण पंपाअभावी वारंवार लागणाऱ्या गोळ्या त्याहून वाईट.

उंचीच्या काळजीने गोळ्या एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं. अशा वेळी ताप, उलट्या किंवा ऑपरेशन आलं तर मूल कोसळू शकतं.

आणि शेवटची चूक, ‘स्ट्राँग औषध नको’ म्हणत वर्षं काढणं. दिवसाआड किलोमागे ०.७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त दिल्याशिवाय आजार आवरत नसेल, किंवा वाढ थांबली असेल, तर लेवामिसोल, मायकोफेनोलेट अशा स्टिरॉईड वाचवणाऱ्या औषधांबद्दल बालमूत्रपिंडतज्ज्ञांना विचारायची वेळ झाली. लेवामिसोलवर रक्तातल्या पेशी अधूनमधून तपासाव्या लागतात, एवढा त्रास घ्या. स्टिरॉईड कमी झाल्यावर मूल मागे पडलेली उंची बरीच भरून काढतं, पण त्यासाठी वयात येण्याआधीची वर्षं हाताशी असावी लागतात. कूर्चा बंद झाल्यावर ती भरपाई होत नाही.