‘जड वस्तू आधी पडते’ म्हणणाऱ्या वर्गाला कसं शिकवावं

या विषयावरचा नेहमीचा सल्ला असा असतो: एक जड आणि एक हलकी वस्तू घ्या, उंचावरून सोडा, दोन्ही एकदम पडलेल्या मुलांना दिसतील आणि गैरसमज दूर होईल. हा सल्ला देणाऱ्यानं प्रयोगानंतर दोन आठवड्यांनी त्याच वर्गाला तोच प्रश्न विचारून पाहिलेला नसतो. मी पाहिला आहे. निम्म्याहून जास्त वह्यांत ‘जड वस्तू आधी’ परत आलेलं होतं. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘पृथ्वी सगळ्या वस्तूंना सारख्याच जोरानं ओढते.’ म्हणजे एक गैरसमज काढून मी दुसरा बसवला होता, आणि तोही माझ्या सहीनिशी.

वस्तू निवडण्यातच पहिली चूक होते. माझ्या पहिल्या प्रयोगात मी सीझन बॉल आणि टेबल टेनिसचा चेंडू घेतला होता. सीझन बॉल आधी आदळला, मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या आणि मी पुढची दहा मिनिटं हवेचा विरोध समजावत बसलो. मुलांना ते सरांनी शोधलेलं निमित्त वाटलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा असतो. दोन मीटरांच्या पडण्यातही हवा त्याला साधारण पंधरा सेंटिमीटर मागे ठेवते. पिसं, पानं, फुगे, रिकाम्या बाटल्या या सगळ्यांचं तेच. वहीवर कागद ठेवून दोन्ही एकत्र सोडायचा खेळही टाळा. ‘वही कागदाला आपल्याबरोबर खेचते’ असं एखादी मुलगी म्हणेल, आणि कागद वहीच्या आडोशाला असल्यामुळे तिला खोडून काढणं सोपं नाही.

सीझन बॉल आणि काचेची साधी गोटी घ्या. चेंडू सुमारे १६० ग्रॅम, गोटी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे वजनात तीसपटीहून जास्त फरक. दोन्ही भरीव असल्यामुळे दोन मीटरांत हवेमुळे पडणारं अंतर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास राहतं. ते डोळ्यांनाही कळत नाही आणि मोबाइलच्या स्लो मोशनलाही नीट पकडता येत नाही.

हातानं सोडू नका. दोन हात एकाच क्षणी उघडत नाहीत. दोन मीटर खाली पोचेपर्यंत वस्तूचा वेग सेकंदाला सहा मीटरांच्या वर गेलेला असतो, त्यामुळे एक हात सेकंदाचा पन्नासावा भाग जरी उशिरा उघडला तरी जमिनीजवळ बारा सेंटिमीटरचं अंतर दिसतं. मग मुलं त्या अंतरावरच बोट ठेवतात. एका फळीवर दोन रबरबँड ठेवा, त्यांत चेंडू आणि गोटी बसवा, फळी आडवी धरा आणि झटक्यानं खाली ओढून बाजूला घ्या. दोघांचे तळ आपोआप एका पातळीवर राहतात. खाली लाकडी पाट ठेवा, आवाज एकच आला की दोन, हे ऐकता येतं. आधी एकट्यानं दहा वेळा करून पाहा.

सोडण्यापूर्वी प्रत्येकाकडून लेखी अंदाज घ्या. ‘आधी कोण?’ एवढंच विचारू नका. विचारा: चेंडू पाटाला टेकेल त्या क्षणी गोटी पाटापासून किती सेंटिमीटर वर असेल? आकडा हवाच. ‘थोडीशी मागे’ हे उत्तर स्वीकारायचं नाही, कारण त्या ‘थोडीशी’मध्ये कुठलाही निकाल मावतो. कोणी वीस लिहितो, कोणी शंभर. शेजाऱ्याला कारण सांगायला लावा आणि मग प्रयोग तीनदा करा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी गोची निकाल दिसल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत होते, आणि मी कित्येक वर्षं तिथंच माती खाल्ली. आवाज एकच आला की मला राहवत नसे. ‘बघा, दोन्ही एकदम!’ म्हणून मी लगेच फळ्यावर सूत्र मांडायचो. कॉर्नेल विद्यापीठातल्या पोझनर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये संकल्पना-बदलाच्या अटी मांडल्या. जुन्या कल्पनेबद्दल असमाधान वाटलं पाहिजे. नवी कल्पना कळली पाहिजे, पटली पाहिजे आणि कामाची वाटली पाहिजे. प्रयोगानं फार तर पहिली अट पुरी होते, तीही अर्धवट. माणूस न पटणारा पुरावा किती तऱ्हांनी हाताळतो, याची चिन आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९३ मध्ये यादी केली. तिच्यात सात तऱ्हा आहेत, आणि मत बदलणं ही त्यातली फक्त एक.

तुमच्या वर्गात बाकीच्या तऱ्हा अशा ऐकू येतील. ‘मला तर चेंडू आधी लागलेला दिसला.’ त्याच मुलाच्या हातात फळी द्या, वाद घालू नका. ‘चेंडू पुरेसा जड नव्हता.’ वहीतला त्याचा स्वतःचा आकडा दाखवा आणि तीसपट फरक पुरत नसेल तर किती पुरेल, हे त्यालाच लिहायला सांगा. सर्वांत धोक्याचं उत्तर म्हणजे ‘हो सर, कळलं.’ ते ऐकलं की मी अजूनही सावध होतो.

‘उंची कमी होती’ या उत्तरापाशी मात्र थांबा, कारण ते म्हणणारं मूल बरोबर आहे. उंच इमारतीच्या गच्चीवरून सोडली तर हवेमुळे गोटी डोळ्यांना दिसेल इतकी मागे पडेल. हे नाकारलंत तर तुम्ही खोटं बोललात, आणि हुशार मूल ते लक्षात ठेवतं. मुलांचा समज मूर्खपणातून आलेला नसतो. त्यांनी आयुष्यभर हवेत पडणाऱ्या वस्तू पाहिल्या आहेत आणि तिथं जड वस्तू बहुतेक वेळा खरंच आधी पोचते. म्हणून मी ‘तुमचं चूक आहे’ असं म्हणणं सोडून दिलं. मी विचारतो, ‘गोटी मागे पडते ती हलकी म्हणून, की हवा अडवते म्हणून? हे वेगळं कसं करायचं?’ मग एकाच मापाचे दोन कागद घ्यायचे, एक चुरगाळून गोळा करायचा आणि दोन्ही सोडायचे. वजन तेच, पडणं वेगळं. चेंडू-गोटीत वजन वेगळं, पडणं तेच. ही दोन निरीक्षणं फळ्यावर शेजारीशेजारी लिहून गप्प बसा. दोन मिनिटांची शांतता फार लांब वाटते, पण ती मोडू नका.

आता पटवण्याचा पूल. एकसारख्या तीन गोट्या घ्या. एकेक सोडली तर तिघींना सारखाच वेळ लागेल, यावर कोणाचं दुमत नसतं. तिघी शेजारीशेजारी एकदम सोडल्या तरी तेच. मग मधे जेमतेम दोऱ्याइतकं अंतर ठेवलं तर? तरी तेच. आता त्यांना गोंदाचा एक थेंब लावला. तीनपट जड अशी एक वस्तू झाली. ती आता लवकर पडेल का? त्या थेंबानं असं काय केलं? गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात बांधलेल्या दोन दगडांचा असाच युक्तिवाद आहे, पण माझ्या अनुभवात मुलांना तीन सारख्या गोट्या लवकर भिडतात. एका मुलीनं इथं विचारलं होतं, ‘मग प्रत्येक गोटी आपापलीच पडते का?’ त्या दिवशी मला नव्यानं काही सांगावं लागलं नाही.

तरीही एक गाठ उरते, आणि बहुतेक मार्गदर्शक इथंच संपतात. चेंडू तळहातावर ठेवला की जड लागतो. हा अनुभव खरा आहे. पृथ्वी चेंडूला खरोखरच जास्त जोरानं ओढते: चेंडूवर सुमारे १.६ न्यूटन, गोटीवर ०.०५ न्यूटन. हे तुम्ही स्वतःहून काढलं नाहीत, तर मूल ‘एकदम पडतात म्हणजे ओढही सारखी’ असं जुळवून घेतं. माझ्या वह्यांत आलेलं वाक्य ते हेच.

म्हणून चेंडू ताणकाट्याला पिशवीत टांगून दाखवा. जास्त ओढ डोळ्यांनी दिसू द्या. मग विचारा, ‘तीसपट ओढ असून चेंडू पुढे का जात नाही?’ उत्तर टेबलावर आहे. चेंडू आणि गोटी सपाट टेबलावर ठेवा आणि दोन्हींना बोटानं सारखीच टिचकी मारायला सांगा. गोटी सुसाट जाते, चेंडू जेमतेम हलतो. इथं पडण्याचा प्रश्नच नाही, तरी चेंडू हलायला कुरकुरतो. ज्याला ओढ तीसपट, त्याला हलवायलाही तीसपट जोर लागतो. १.६ ला ०.१६ किलोग्रॅमनं भागा, ०.०५ ला ०.००५ नं भागा, दोन्हीकडे दहाच येतात. सूत्र लिहायची वेळ ही, त्याआधी नाही.

अपोलो १५ ची चित्रफीत आता दाखवा. १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम टेकली. हीच चित्रफीत तासाच्या सुरुवातीला दाखवलीत तर मुलं म्हणतात, ‘तिथं गुरुत्वाकर्षणच नाही ना!’ आता त्यांना विचारता येतं: गुरुत्वाकर्षण नसतं, तर हातोडा खाली आलाच का?

दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि न सांगता दोन प्रश्न द्या. पहिला: सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांना चेंडू आणि गोटी टांगून, लांबी चेंडू-गोटीच्या मध्यापर्यंत मोजून, थोडंसं बाजूला घेऊन सोडलं; कोणाचा झोका लवकर पुरा होईल? दुसरा: चंद्रावर चेंडू आणि गोटी दोन मीटरांवरून सोडली, ओढ कोणावर जास्त, आणि आधी कोण टेकेल? पहिल्याचं उत्तर ‘चेंडूचा’ आलं, तर मूल पडण्याचा नियम पाठ करून बसलं आहे. दोऱ्या बांधून झोके मोजायला लावा. दुसऱ्यात ‘ओढ दोघांवर सारखी, दोन्ही एकदम’ असं आलं, तर निकाल बरोबर असला तरी पूर्ण गुण देऊ नका. त्या मुलाला टेबलापाशी बोलवा आणि टिचकी मारायला सांगा.