खिडकीवरचा पडदा चिकटवलेला का दिसतो? फोटोत पडदा लावताना या चुका टाळा

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटच्या हॉलचा फोटो माझ्याकडे आला होता. पश्चिमेची पाच फूट रुंद, चार फूट उंच खिडकी, लोखंडी ग्रिल, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. फोटो फेब्रुवारीतला, दुपारी साडेचारचा. मोहरी रंगाचं सुती कापड पसंत पडलं होतं आणि शिवायला टाकण्याआधी ते हॉलमध्ये कसं दिसेल, हे घरच्यांना बघायचं होतं. सांगलीतल्या पडद्यांच्या दुकानांसाठी मी असे फोटो करून देते. तेव्हा नवी होते. दोन तास बसून पडदा लावला, चुण्या छान आल्या, रंग बरोबर आला. दुकानात फोटो दाखवला तर सुनेला आवडला, पण सासूबाईंनी मोबाइल जवळ धरून विचारलं, "पडदा ओढलाय न्हवं? मग फरशीवर ऊन कुठनं आलं वो?"

फरशीवर ग्रिलच्या सावलीसकट उन्हाचा चौकोन तसाच राहिला होता. पडद्याचे फोटो बहुतेक इथेच फसतात. आपण कापडावर मेहनत घेतो, पण उघड्या खिडकीने खोलीत जो उजेड सोडलेला असतो, तो तसाच ठेवतो. तोच हॉल धरून, मी केलेल्या आणि इतरांच्या कामात दिसणाऱ्या चुका सांगते. मी Photoshop वापरते. खाली दिलेली लेयरची कामं ब्राउझरमध्ये चालणाऱ्या Photopea मध्येही होतात.

माप न काढता चुण्या टाकणं

कॅटलॉगमधला पडदा कापून खिडकीवर ताणला की चुण्यांची रुंदी बिघडते. काही जाड होतात, काही बारीक, आणि बघणाऱ्याला कापड कमी पडल्यासारखं वाटतं. त्यामुळे आधी हिशेब करा. या फोटोत ६० इंचांची खिडकी ६०० पिक्सेलमध्ये बसत होती, म्हणजे एक इंच म्हणजे दहा पिक्सेल. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे आणि चौकटीच्या पाच इंच वर लावतात. तेव्हा रॉड ७२० पिक्सेल लांब आणि चौकटीच्या ५० पिक्सेल वर आला. शिंपी साधारण दर वीस इंच खिडकीला ४८ इंच पन्ह्याचा एक पाट धरतात, म्हणून इथे तीन पाट. रॉडच्या जवळपास दुप्पट कापड झालं. एका पाटाला आठ रिंगा लावल्या तर पुढे येणाऱ्या चार चुण्या होतात. तीन पाटांच्या बारा चुण्या, म्हणजे प्रत्येक चुणी सुमारे ६० पिक्सेलची. रिंगा नेहमी सम संख्येत घेतात, कारण तसं केलं तरच पाटाच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. फोटोत एक कड पुढे आणि एक मागे दिसली, तर पडदे शिवणाऱ्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

चुण्या अगदी एकसारख्याही नकोत. रिंगांचा पडदा वर नियमित असतो, पण खाली येईपर्यंत एखादी चुणी फुगते, एखादी शेजारच्या चुणीत शिरते. मी `Edit > Puppet Warp` मध्ये वरच्या पिना घट्ट ठेवते आणि खालच्या पाच-दहा पिक्सेल इकडेतिकडे हलवते. कापड फुलाफुलांचं असेल तर अख्खं फूल चुणीवर ठेवू नका. दुप्पट कापड गोळा झालेलं असतं, त्यामुळे फुलाचा काही भाग खाचेत गेलेलाच असतो.

खालची कड सरळ कापणं

ही चूक छोटी आहे, पण डोळ्यात भरते. कॅमेरा छातीच्या उंचीवर होता, म्हणजे पडद्याची खालची कड डोळ्यांच्या खाली आली. पुढे आलेली चुणी आपल्याला जवळ असते, म्हणून फोटोत तिची कड थोडी खाली दिसते आणि खाचेतली कड थोडी वर. कडेला असा लाटेसारखा आकार येतोच. वरच्या टोकाला, डोळ्यांच्या वर, नेमकं उलट होतं. सरळ कात्रीने कापल्यासारखी कड दिली की पडदा कागदाचा होतो. पडदा फरशीला टेकवूही नका, अर्धा इंच, म्हणजे इथे पाच पिक्सेल, मोकळे सोडा आणि त्या फटीत गडद सावली भरा.

एकाच पडद्याला एकच उजेड देणं

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, आणि का बिघडले हे पटकन कळत नाही.

दिवसा ओढलेल्या पडद्यावर दोन वेगवेगळे उजेड असतात. खिडकीच्या पोकळीसमोरच्या भागाला मागून उजेड येतो आणि तो कापडातून झिरपतो. दोन्ही बाजूंना भिंतीवर गेलेल्या भागामागे वीट आहे, तिथे फक्त खोलीतला उजेड. खिडकीखाली फरशीपर्यंत लोंबणाऱ्या भागाचंही तसंच. म्हणजे एकाच कापडावर खिडकीच्या आकाराचा उजळ चौकोन असतो आणि त्याभोवती गडद पट्टा. स्टुडिओत समोरून दिवे लावून काढलेला कॅटलॉगचा पडदा आणला की हा चौकोनच नाहीसा होतो. मग पडदा खिडकीवर न वाटता भिंतीवर टांगलेल्या चादरीसारखा वाटतो.

चुण्यांचंही गणित बदलतं. समोरून उजेड असेल तर पुढे आलेला फुगवटा उजळ आणि खाच काळी दिसते. मागून उजेड आला की कापड जिथे एकेरी आणि आपल्याकडे सपाट तोंड करून असतं तिथे उजळ दिसतं, मग ती चुणी पुढची असो की मागची. जिथे ते तिरकं वळतं किंवा दुहेरी होतं तिथे उजेडाला जास्त सूत पार करावं लागतं, म्हणून चुणीच्या दोन्ही कुशी गडद होतात. त्यामुळे एकाच चुणीच्या वरच्या भागात दोन गडद रेषा आणि खालच्या भागात एकच काळी खाच दिसू शकते. खरा पडदा एकदा दुपारी समोर उभं राहून बघा, हे स्पष्ट दिसतं.

मी हे असं करते. पडद्याचे दोन लेयर ठेवते, एक समोरून उजळलेला, एक मागून. वरच्या, मागून उजळलेल्या लेयरला खिडकीच्या पोकळीच्या आकाराचा मास्क देते. आकाश ढगाळ असेल तर मास्कची कड २०-३० पिक्सेल मऊ करते, कारण कापड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतं आणि उजेड सगळीकडून येतो. आमच्या फोटोत थेट ऊन होतं, म्हणून कड टोकदार ठेवली आणि ग्रिलची सावलीही कापडावर पाडली. मात्र ती ग्रिलच्या बरोबर समोर पडत नाही. साडेचारला सूर्य साधारण ३० अंशांवर होता आणि ग्रिलपासून कापड सहा इंचांवर, तेव्हा सावली सुमारे साडेतीन इंच, म्हणजे ३५ पिक्सेल खाली सरकली. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीत ती उजवीकडेही थोडी गेली. दिशेबद्दल शंका असेल तर फरशीवरचं ऊन कुठे झुकलंय ते बघा आणि तिकडेच सावली सरकवा.

रंगाचं एक सांभाळा. मागचा उजेड दाखवायला पांढरा ब्रश `Screen` वर फिरवला की मोहरी रंग दुधाळ होतो. रंगीत सुतातून आलेला उजेड फिकट होत नाही, उलट भडक आणि उबदार होतो. `Curves` ने उजळवा आणि `Hue/Saturation` मध्ये सॅच्युरेशन दहा-पंधराने वाढवा. उजळपणा ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असा मोजतात, आणि माझ्या फोटोत उघडं आकाश २५५ होतं. खिडकीसमोरचं कापड २०० च्या आसपास, भिंतीवरचं कापड ११० आणि खाचा ७० च्या आसपास ठेवल्यावर ते पटलं. वर तात्पुरता `Black & White` लेयर टाकून हे फरक तपासा, रंग नसताना चूक लगेच सापडते.

हे सगळं एकेरी कापडासाठी. अस्तर लावलेला किंवा ब्लॅकआउट पडदा असेल तर उजळ चौकोन जवळपास येतच नाही, फक्त रॉडच्या वरून आणि कडांमधून उजेडाची बारीक रेघ दिसते. म्हणून आधी दुकानदाराला कापड विचारा. त्याहून बरं म्हणजे दुकानातच एखाद्या खिडकीवर कापड चुण्या घालून अर्धं काचेसमोर, अर्धं भिंतीसमोर धरायला लावा आणि फोटो घ्या. दोन्ही उजेडांचं खरं कापड हाताशी असलं की अंदाज करावा लागत नाही.

फरशी तशीच सोडणं

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. पडदा ओढला की उन्हाचा चौकोन जायलाच हवा. फरशी दोन फुटी होती, म्हणून त्याच ओळीतल्या सावलीतल्या फरश्या उचलून उन्हावर बसवल्या आणि सांधे जुळवले. `Clone Stamp` सांध्यांवरून आडवातिडवा फिरवला तर रेषा वाकड्या होतात. मग चकाकीचा प्रश्न. उघड्या खिडकीचं पांढरं प्रतिबिंब फरशीवर लांबवर पसरलेलं होतं, ते झाकल्याशिवाय पडदा खरा वाटेना. पडद्याची कॉपी घेऊन `Edit > Transform > Flip Vertical` केलं, खालच्या कडेला खालची कड जुळवली, `Motion Blur` ९० अंशांवर ३० पिक्सेल दिला आणि ऑपॅसिटी १५-२० टक्क्यांवर आणली. शेवटी अख्खी खोली `Curves` ने थोडी खाली घेतली आणि खिडकीजवळच्या फरशीवर मोहरी रंगाची अगदी पुसट छटा दिली. ऊन कापडातून गाळून येतं तेव्हा खोलीत तो रंग थोडा पसरतोच.

भिंतीवर पडद्याची सावली विसरू नका. ती कापडाच्या कडेला चिकटून, रॉडखाली जास्त गडद आणि खाली पसरत जाणारी असते. खोलीतला उजेड ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला `Multiply` वर ठेवा. काळ्याऐवजी भिंतीच्याच रंगाची गडद छटा घ्या.

ब्लाइंडच्या बाबतीत

रोलर ब्लाइंडचं काम सोपं असतं. चुण्या नसतात आणि तो बहुधा चौकटीच्या आतच बसतो, त्यामुळे दोन उजेडांचा प्रश्न येत नाही, फक्त दोन्ही कडांना बारीक उजळ फट ठेवा. आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये मात्र एक चूक हमखास होते. सगळ्या पट्ट्या एकाच कोनात काढल्या जातात आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच दिसतात. पट्ट्या खरोखर एका कोनातच असतात, पण डोळ्यांच्या वरच्या पट्ट्यांची आपल्याला खालची बाजू जास्त दिसते आणि खालच्यांची वरची. त्यामुळे मधल्या फटीही उंचीनुसार कमीजास्त दिसतात. पट्ट्या उघड्या असतील तर फरशीवरचं ऊन पुसायचं नाही, त्याचे आडवे पट्टे करायचे.

एवढं करूनही पडदा नवा चिकटवल्यासारखा वाटला तर तीक्ष्णपणा तपासा. मोबाइलचा फोटो दाणेदार आणि कापड स्वच्छ, असं झालेलं असतं. `Gaussian Blur` अर्धा ते एक पिक्सेल आणि `Add Noise` एक-दोन टक्के पुरतं. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो आकुंचन पावून येतो आणि जुळवायला दाणाच उरत नाही.

आणि एक फोटो मी आता घेत नाही: ज्यात उन्हाने फरशी किंवा सोफा जळून कोरा पांढरा झालाय तो. तिथे उचलायला पोतच शिल्लक नसतो. पश्चिमेची खिडकी असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला परत फोटो काढायला सांगते. तेव्हा खिडकीतून नुसता आकाशाचा उजेड येतो, उन्हाचा चौकोन नसतो, आणि दोन तासांचं काम पाऊण तासात होतं.