‘ही डोन्ट लाइक टी’: चुकतं कुठे?

इंदूरच्या आमच्या घरी भाचीने वहीत लिहिलं, ‘ही डोन्ट लाइक टी’. प्रमाण इंग्रजीत हे चूकच. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी, म्हणून ‘डझन्ट’ हवं. ओळखायला सोपं: नकार काढून बघा. ‘ही लाइक्स टी’ होतं ना? नकार येताना मदतीला ‘डू’ येतं आणि ‘लाइक्स’चा ‘स’ त्याच्याकडे जातो, ‘डझ’ होतं. म्हणून ‘ही डझन्ट लाइक टी’. भाचीने दुरुस्त करताना ‘डझन्ट लाइक्स’ केलं, ही दुसरी चूक. ‘स’ एकदाच.

मराठीतही नकारच बदलतो: ‘त्याला चहा आवडत नाही’, पण ‘त्याला पोहे आवडत नाहीत’. फरक एवढाच की आपला नकार पोह्यांकडे बघतो, इंग्रजीतला ‘ही’कडे. पोहे प्लेटभर असोत की परातभर, तिथे ‘डझन्ट’च.

गाण्यांत, अमेरिका-ब्रिटनमधल्या अनेक बोलींत ‘ही डोन्ट’ सर्रास ऐकू येतं. ते त्या बोलीच्या नियमाने बरोबरच असतं, अडाणीपणा नव्हे. पेपर तपासणारा मात्र गुण कापणार.