बलक दगड, पांढरं लिबलिबीत: अंडं उकडताना या चुका टाळा

'अंडं किती अंशाला शिजतं?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. पांढरं आणि बलक वेगवेगळ्या प्रथिनांचे बनलेले आहेत आणि दोघांचे आकडे वेगळे. बहुतेक अंडी एका आकड्याच्या हट्टापायी बिघडतात.

पांढऱ्यातही सगळी प्रथिनं एकाच वेळी घट्ट होत नाहीत. ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन साधारण ६१-६२ अंशांना (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये) जमायला लागतं, म्हणून तिथे पांढरं दुधाळ दिसू लागतं. पण ते पांढऱ्यातल्या प्रथिनांचा जेमतेम आठवा भाग. निम्म्याहून जास्त असतं ओव्हालब्युमिन, आणि ते ८० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय हलत नाही. चाकूने कापता येईल असं पांढरं हवं असेल, तर ते तिथवर न्यावंच लागतं. बलक मात्र ६५ च्या सुमाराला दाटायला लागतो आणि ७० ला वाहायचा थांबतो. म्हणजे नीट घट्ट होण्याच्या शर्यतीत बलक पांढऱ्याच्या पुढे असतो. बहुतेकांना उलटं वाटतं, कारण उकळत्या पाण्यात उष्णता बाहेरून आत जाते, पांढऱ्याला ती आधी मिळते आणि बलक मागे राहतो. हाफ-बॉईल अंडं जमतं ते केवळ या उशिरामुळे.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तापमान स्थिर ठेवणारं यंत्र नवीन आलं, की माणूस पाणी ६४ वर लावून अंडी तासभर सोडतो. फोडल्यावर बलक दाट मधासारखा, अगदी हवा तसा; पांढरं मात्र जेमतेम थरथरतं आणि बाहेरचा पातळ भाग ताटलीभर पसरलेला. निष्कर्ष निघतो की तापमान कमी पडलं. पुढच्या खेपेला ६८: बलक कणकेच्या गोळ्यासारखा, पांढरं अजून लिबलिबीत. मग चिडून ७५: बलक कोरडा पडतो, पांढरं तरीही मऊच. डझनभर अंडी जातात आणि दोष यंत्राला दिला जातो. यंत्र बिचारं बरोबर होतं. तासाभरात अंडं आतबाहेर एकाच तापमानाला येतं, आणि असा कुठलाही एक आकडा नाही जिथे बलक वाहता राहील आणि पांढरंही नीट घट्ट होईल.

यावर उपाय दोन टप्प्यांचा. फ्रीजमधलं अंडं आधी खळखळत्या पाण्यात ३ मिनिटं. इतक्या वेळात बाहेरचं पांढरं घट्ट होतं, बलकापर्यंत उष्णता फारशी पोचत नाही. लगेच १ मिनिट बर्फाच्या पाण्यात, म्हणजे कवचाकडची उष्णता आत सरकत नाही. मग ६२-६३ अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटं. बर्फ 'वेळ वाया जातो' म्हणून गाळणारे बरेच भेटतात. त्यांनी पहिला टप्पाही गाळावा, फरक तितकाच पडेल. आणखी एक: मंद आचेवर वेळही मोजावा लागतो. त्याच ६३-६४ ला बलक दीड तास राहिला, तर तासाभराच्या बलकाहून स्पष्टपणे दाट निघतो.

यंत्र नसेल तर घड्याळ पुरतं, पण सुरुवात उकळत्या पाण्यापासून करा. गार पाण्यात अंडी घालून 'उकळी आली की मोजायचं' ही पद्धत फसवी आहे, कारण पातेलं, पाणी आणि आच बदलली की उकळीपर्यंतचा वेळ बदलतो, आणि अंडं तेवढ्यात शिजतच असतं. सुमारे ६० ग्रॅमचं फ्रीजमधलं अंडं साडेसहा मिनिटांत वाहता बलक देतं, आठ मिनिटांत जॅमसारखा, अकरा-बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. खोलीच्या तापमानाचं अंडं असेल तर साधारण मिनिटभर कमी करा. वेळ झाली की थेट बर्फाच्या पाण्यात, नाहीतर आठ मिनिटांचं अंडं ताटात येईपर्यंत नऊ मिनिटांचं झालेलं असतं.

उंच ठिकाणी पाणी १०० च्या खालीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. तिथे वेळ वाढवा. आच वाढवून काही होत नाही.

बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसते ती अंडं खराब असल्याची खूण नव्हे. जास्त शिजल्याने पांढऱ्यातून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड बलकातल्या लोहाला भेटतो, एवढंच. वेळेत उतरवून गार केलं की ही कडा बहुधा येत नाही.

थर्मामीटर ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का, हे आधी बघा. इथे दोन अंशांची चूकही बलकात दिसते.

आणि वाहता बलक गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध किंवा आजारी माणसांना देऊ नका. साल्मोनेलाचा धोका असतो, त्यांच्यासाठी दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवा.