पर्निशियस अ‍ॅनिमिया: गोळी घेऊनही बी-१२ वाढत नाही? या चुका टाळा

साठीच्या एका बाई रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. हिमोग्लोबिन ८.२, लाल पेशींचा आकार (एमसीव्ही) ११४ म्हणजे नेहमीपेक्षा मोठा, बी-१२ खूपच कमी. तळपायांना मुंग्या. "तीन महिने एक दिवस न चुकवता गोळी घेतलीय," असं त्या म्हणाल्या आणि रिकामी पाकिटं माझ्यापुढे ठेवली. त्यांनी खरंच चुकवली नव्हती. चूक पाकिटावर छापलेल्या आकड्यात होती: बी-१२, १५ मायक्रोग्रॅम.

निरोगी माणसाला १५ मायक्रोग्रॅम पुरून उरतात, कारण रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची. पण बी-१२ एकटं आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही. जठराच्या अस्तरातल्या पेशी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन बनवतात, ते लहान आतड्यात बी-१२ला धरतं आणि ही जोडी आतड्याच्या शेवटच्या भागात ठरलेल्या जागी चिकटून आत घेतली जाते. पर्निशियस अ‍ॅनिमियात शरीराच्याच अँटिबॉडी या प्रथिनावर उठतात. काही अँटिबॉडी बी-१२ जिथे बसायचं तीच जागा अडवतात. काही तयार जोडीला चिकटतात आणि तिला आतड्याला लागू देत नाहीत. शिवाय ते प्रथिन बनवणाऱ्या पेशीही हळूहळू नष्ट होत जातात.

विल्यम कॅसल यांनी १९२९ साली हे फार साध्या प्रयोगातून दाखवलं होतं. नुसतं मांस खाऊन रुग्णांचं रक्त सुधारेना. तेच मांस निरोगी माणसाच्या जठरात थोडा वेळ राहून, बाहेर काढून दिलं की सुधारायचं. प्रयोग किळसवाणा खरा, पण रुग्णाच्या जठरात काहीतरी कमी आहे हे त्यातून पक्कं झालं.

मग गोळीतलं काहीच आत जात नाही का? जातं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवाय साधारण एक टक्का बी-१२ आपोआप झिरपतं. बाईंचा हिशेब मांडा: १५चा एक टक्का म्हणजे ०.१५ मायक्रोग्रॅम. गरज अडीचची. तीन महिन्यांत रिपोर्ट हलणार तरी कसा? एक हजाराच्या गोळीतून मात्र दहाच्या आसपास मिळतात, म्हणून मोठ्या मात्रेची रोजची गोळी बऱ्याच जणांना चालते. "गोळी निरुपयोगी" हेही त्यामुळे अर्धसत्यच. पण हातापायांना मुंग्या असतील, चालताना तोल जात असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर झिरपण्याच्या भरवशावर राहू नये. इंजेक्शन स्नायूत जातं आणि तिथून रक्तात. जठर आणि आतडं वाटेत येतच नाहीत, त्यामुळे अँटिबॉडीला अडवायला काही उरत नाही. सुरुवातीला दिवसाआड किंवा आठवड्याला, मग महिन्याला किंवा दोन-तीन महिन्यांनी एक, असं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.

दुसरी चूक तपासणीची. इन्ट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही. बऱ्याच खऱ्या रुग्णांत ती सापडतच नाही. त्यातही रक्ताचा नमुना इंजेक्शनच्या आधी द्यावा, कारण नुकतंच टोचलेलं बी-१२ काही पद्धतींत ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकतं. आणखी एक गंमत (रुग्णासाठी नव्हे): बी-१२ मोजणाऱ्या काही यंत्रांत इन्ट्रिन्सिक फॅक्टरच वापरलेला असतो. रुग्णाच्या अँटिबॉडी त्यालाही पकडतात आणि रिपोर्ट चक्क "नॉर्मल" येतो. लक्षणं आणि मोठ्या पेशी एक सांगत असतील आणि आकडा दुसरंच, तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासायला सांगावं. बी-१२ पेशींत कमी पडलं की ते वाढतं. मूत्रपिंडाचा आजार असला तरी ते वाढतं, एवढं लक्षात ठेवावं.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी: बी-१२ न देता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करणं. हिमोग्लोबिन चढतं, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि मज्जारज्जूची हानी तशीच पुढे सरकत राहते.

या बाईंना इंजेक्शनं सुरू केली. आठवड्याभरात नव्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, भरपूर वाढल्या. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.६. मुंग्या मात्र सहा महिने रेंगाळल्या. पुढे रिपोर्टमध्ये बी-१२ २०००च्या वर दिसल्यावर त्यांनी "आता जास्त झालं" म्हणून इंजेक्शन बंद केलं. तो आकडा टोचलेल्या औषधाचा होता. जठर होतं तसंच होतं. यकृतातला साठा पुरतो तोवर काहीच जाणवत नाही, म्हणून त्या परत आल्या त्या दीड वर्षाने, पुन्हा तळपायांना मुंग्या घेऊन.